‘येणार’च्या पुढचा कॉलम

गावाकडच्या दैनिकाच्या पानाचा फोटो मोबाइलवर येतो आणि खाली एकच ओळ असते : ‘एवढं इंग्रजीत करून द्याल का?’ पाठवणाऱ्याची घाई समजते. परदेशातल्या मुलाला, वकिलाला किंवा एखाद्या संस्थेला ती बातमी दाखवायची असते. तरीही मी लगेच भाषांतराला बसत नाही. आधी फोटोची छापील प्रत काढते आणि लाल पेन्सिलीने प्रत्येक तुकड्यावर आकडा घालते. कुठला मजकूर कुठल्या मजकुरानंतर वाचायचा, हे या टप्प्यावर ठरलं नाही तर पुढे कधीच नीट ठरत नाही.

एक पान डोळ्यासमोर आणा. कालव्याच्या आवर्तनाची बातमी आहे आणि मथळा तीन कॉलम रुंद आहे. पहिला कॉलम मथळ्याखालून थेट तळापर्यंत जातो. दुसऱ्या आणि तिसऱ्या कॉलमच्या डोक्यावर कालव्याचा फोटो आहे, त्याखाली ठळक अक्षरांत फोटोओळ : ‘डाव्या कालव्याची दुरुस्ती पूर्ण झाली आहे.’ फोटोओळीखाली दोन्ही कॉलमांचा मजकूर सुरू होतो. तिसऱ्या कॉलमच्या मध्यावर करड्या रंगाची चौकट आहे, ‘धरणातील आजचा साठा’. चौकटीखाली चार ओळी उरल्या आहेत. शेजारी, चौथ्या कॉलममध्ये, विहिरीत पडलेल्या बिबट्याची वेगळी बातमी.

पहिल्या कॉलमची शेवटची ओळ आहे : ‘डाव्या कालव्यातून शनिवारपासून पाणी सोडण्यात येणार’. नजर आपोआप वर उजवीकडे जाते, तिथे फोटो आणि दुरुस्ती पूर्ण झाल्याची फोटोओळ दिसते. अर्थ चोख जुळतो : दुरुस्ती झाली, शनिवारी पाणी येणार. प्रत्यक्षात फोटोओळीखाली दुसरा कॉलम सुरू होतो तो असा : ‘नाही, असे पाटबंधारे विभागाच्या अधिकाऱ्यांनी स्पष्ट केले.’

इथे मराठीचा स्वभाव आड येतो. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी असतं आणि नकार त्याच्याही मागून येतो. कोण बोललं हेही बहुधा ‘असे’ म्हणून शेवटी कळतं. म्हणजे कॉलम वाक्याच्या मध्यात तुटला की वाक्याचा निकाल पुढच्या कॉलममध्ये जातो. त्यात वृत्तपत्रांना ‘येणार’, ‘होणार’ असं ‘आहे’ न लावता लिहायची सवय, त्यामुळे अर्धं वाक्य पूर्ण वाटतं.

मग ओळखायचं कसं? कॉलमची शेवटची ओळ बघा. ‘येणार’नंतर पूर्णविराम नाही. शिवाय ओळ उजव्या कडेपर्यंत भरलेली आहे. वर्तमानपत्रात मजकूर दोन्ही कडांना सारखा बसवलेला असतो, पण परिच्छेदाची शेवटची ओळ बहुतेक वेळा आखूड राहते. तळाची ओळ भरलेली असेल आणि विरामचिन्ह नसेल, तर वाक्य पुढे कुठेतरी चालू आहे असं समजून शोध घ्यायचा.

शोधाची हद्द मथळा ठरवतो. मथळा जितके कॉलम झाकतो तितके कॉलम त्याच्या मालकीचे, तेवढ्यातच मजकूर डावीकडून उजवीकडे सरकतो. म्हणून चौथ्या कॉलमचा बिबट्या आपोआप बाहेर पडतो, त्याच्या डोक्यावर स्वतःचा मथळा आहे. दोन बातम्यांमधली बारीक उभी रेघ किंवा थोडी जास्त पांढरी पट्टी हीच हद्द दाखवते. फोटोओळ वेगळ्या जाडीच्या वा आकाराच्या अक्षरांत असते आणि फोटोइतकी रुंद असते. इथे ती दोन कॉलमभर पसरली आहे, एका कॉलमच्या मजकुराचा ती भाग असूच शकत नाही.

आता चौकट. तिसऱ्या कॉलमचा मजकूर चौकटीवर येऊन थांबतो : ‘लाभक्षेत्रातील पाणीवापर संस्थांची बैठक’. चौकटीच्या आत पहिली ओळ म्हणते : ‘उपयुक्त साठा गेल्या वर्षीपेक्षा कमी’. चौकटीखालच्या चार ओळींतली पहिली : ‘अद्याप झालेली नाही.’ बैठक स्त्रीलिंगी, ‘झालेली’ तिच्याशी जुळतं, तर ‘साठा’ आणि ‘कमी’ तिच्या मागे लावले तर वाक्यच होत नाही. लिंग-वचनाची ही जुळणी सांधा तपासायला फार उपयोगी पडते. चौकटीला चारही बाजू बंद असतात. तिच्याखाली मथळ्याविना, वाक्याच्या मध्यातून सुरू होणारा मजकूर म्हणजे वरचा कॉलमच चौकट ओलांडून खाली आलेला असतो.

तर या पानाचे आकडे असे पडतात : १ मथळा, २ पहिला कॉलम, ३ दुसरा कॉलम, ४ तिसऱ्या कॉलमचा चौकटीवरचा भाग, ५ चौकटीखालच्या चार ओळी. चौकट ६ आणि फोटोओळ ७. या शेवटच्या दोघींची जागा सोयीची बाब आहे, फक्त त्या वाक्याच्या पोटात शिरता कामा नयेत. भाषांतरात मी त्यांच्यापुढे ‘चौकट’ आणि ‘फोटोओळ’ असं स्पष्ट लिहिते.

हे सगळं भाषांतराआधीच करायचं कारण असं की, भाषांतर सांधे पुसून टाकतं. इंग्रजीत क्रियापद कर्त्याच्या पाठोपाठ आणावं लागतं. म्हणजे अर्धं वाक्य हातात असलं तरी भाषांतरकार ते पुरं करूनच लिहितो. ‘बैठक’ आणि ‘झालेली’ यांतली लिंगाची खूणही इंग्रजीत उरत नाही. तयार इंग्रजी वाचून चूक सापडेल ही आशा फोल आहे, कारण ते सरळ आणि गुळगुळीतच वाचलं जातं.

मजकूर टाइप करायचा कंटाळा आला आणि अक्षरओळख करणारं सॉफ्टवेअर वापरलं, तरी आकडे आधीच घालावे लागतात. टेसरॅक्टमध्ये मांडणी ओळखायचे वेगवेगळे प्रकार आहेत. त्यातला सहावा प्रकार समोरचं चित्र म्हणजे मजकुराचा एकच सलग ठोकळा आहे असं धरून चालतो. अख्खं पान त्याला दिलं तर तो पहिल्या कॉलमची ओळ दुसऱ्या कॉलमच्या ओळीला जोडत आडवा वाचत जातो. तोच प्रकार एका कापलेल्या तुकड्यावर चांगला चालतो. म्हणून फोटो आकड्यांप्रमाणे कापून एकेक तुकडा द्यायचा :

```
tesseract tukda3.png tukda3 -l mar --psm 6
```

पान घडीवर वाकलेलं असेल तर तुकडा कापण्याआधी फोटो सपाट घेतलेला बरा. वाकलेल्या कडेची ओळ शेजारच्या ओळीत मिसळते.

मात्र ‘वरून खाली, मग उजवीकडे’ हा नियम प्रत्येक पानाला लावता येत नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत सुरू केलेलं ‘दर्पण’ दोन भाषांत निघत असे, एका स्तंभात इंग्रजी आणि शेजारी मराठी. तिथे उजवा स्तंभ डाव्याच्या पुढचा नसतो, त्याच्या बरोबरीचा असतो. एकामागून एक वाचले तर तीच हकिकत दोनदा येते.

आणि काही सांधे फोटोतून ठरतच नाहीत. बातमीच्या तळाशी ‘पान ५ वर’ असेल आणि पाचव्या पानाचा फोटो आलेला नसेल, किंवा तळाच्या दोन ओळी पाठवणाऱ्याच्या अंगठ्याखाली गेल्या असतील, तर मी अंदाजाने वाक्य पुरं करत नाही. ‘येणार’पाशी थांबते, पुढे चौकोनी कंसात ‘मजकूर फोटोत नाही’ असं लिहिते आणि पान पुन्हा, चारही कोपरे दिसतील असं पाठवायला सांगते.