१ जुलै, सकाळी ८ वाजता

सिक्युरिटी एजन्सी बदलायची, असा ठराव सोसायटीच्या कमिटीत दहा मिनिटांत होतो. गोष्ट अडते ती पुढे. नोटीस जाते एजन्सीच्या कार्यालयात, पण त्यानंतरचा महिनाभर गेटवर उभी राहतात ती त्याच एजन्सीची माणसे. त्यांनाच रात्रीचे राउंड मारायचे असतात, किल्ल्याही त्यांच्याच ताब्यात असतात. म्हणून करार संपवण्याची नोटीस लिहिताना राग कमी आणि हिशोब जास्त लागतो.

उदाहरणादाखल पुण्यातली चार इमारतींची एक सोसायटी डोळ्यांसमोर आणू. दिवसा पाच पोस्ट, रात्री चार. बारा तासांची ड्यूटी, सकाळी आठ ते रात्री आठ आणि रात्री आठ ते सकाळी आठ. एका पोस्टचे महिन्याचे २४,००० रुपये, म्हणजे महिना तीस दिवसांचा धरला तर एका ड्यूटीचे ८००. करारात तीस दिवसांच्या नोटिशीची अट आहे. मे महिन्यात पार्किंगमधून दोन सायकली गेल्या आणि सभासदांचा संयम सुटला.

पहिल्या मसुद्यात सेक्रेटरींनी लिहिले, ‘आपली सेवा अत्यंत असमाधानकारक असून वारंवार सांगूनही सुधारणा नाही.’ वाक्य खरे असेल, पण ते कुठल्याही एजन्सीला, कुठल्याही सोसायटीतून पाठवता येते. एजन्सीचे उत्तरही ठरलेले असते: आमच्याकडे लेखी तक्रार आलेली नाही. त्यापेक्षा ‘९ मे रोजी रात्री २.१० ते ४.३५ या वेळेत मागच्या गेटची पोस्ट रिकामी होती. त्याच रात्रीच्या राउंडच्या वहीत ३ वाजताची सही आहे,’ हे एक वाक्य पानभर संतापाला भारी पडते. वहीत सही आणि खुर्ची रिकामी, याला एजन्सीकडे सहजासहजी उत्तर नसते.

असे वाक्य मिळते ते मस्टर आणि कॅमेरा शेजारी ठेवून. मस्टरमध्ये आधी पाहायचे ते दिवसाच्या आणि रात्रीच्या रकान्यात एकच नाव आहे का. गार्ड कमी पडले की सुपरवायझर ‘डबल ड्यूटी’ लावतो. रिलीव्हर येत नाही, सकाळी आठला आलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी आठपर्यंत थांबतो. कागदावर पोस्ट भरलेली दिसते, बिलही पूर्ण लागते, आणि पहाटे तीनला तो झोपलेला सापडला की दोष त्याच्या एकट्याच्या माथी येतो. खरे तर ही चूक त्याची कमी आणि फील्ड ऑफिसरची जास्त. नोटिशीतही ती तशीच, एजन्सीची म्हणून मांडावी. गार्डची नावे घेऊन झोडपणारी नोटीस गेटवर पोचायला एक दिवस पुरतो.

कॅमेऱ्याच्या बाबतीत घाई करावी लागते. बऱ्याच सोसायट्यांच्या डीव्हीआरमध्ये पंधरा-वीस दिवसांचेच चित्रण राहते. जागा भरली की जुन्यावर नवे चढते. ९ मेची रात्र जूनमध्ये शोधायला गेलात तर ती पुसलेली असते. शिवाय डीव्हीआर बहुतेक वेळा सिक्युरिटी केबिनमध्येच असतो. म्हणून चित्रण आधी पेन ड्राइव्हवर उतरवायचे, मस्टर आणि वह्यांच्या पानांचे फोटो काढायचे आणि मगच नोटीस पाठवायची. हा क्रम उलटला की पुरावा त्यांच्याच खोलीत उरतो.

या सोसायटीच्या मस्टरमधून मे महिन्यात १४ ड्यूट्या रिकाम्या निघाल्या. त्यांचे ११,२०० रुपये बिलातून वजा होतात, कारण काम झालेच नाही. सायकलींचे पैसे कापणे मात्र इतके सरळ नाही. चोरीची भरपाई एजन्सीने द्यावी असे करारात आहे का, आणि निष्काळजीपणा दाखवता येतो का, हे बघावे लागते. दंडाचा मोठा आकडा करारात छापलेला असला तरी १८७२च्या भारतीय करार कायद्याचे कलम ७४ सांगते की त्या मर्यादेत वाजवी तेवढीच भरपाई मिळते. त्यामुळे दोन्ही रकमा एकाच ओळीत मिसळू नयेत. नाहीतर निर्विवाद ११,२०० देखील वादात सापडतात.

आता तारीख. तीस दिवस सहसा नोटीस पोचल्यापासून मोजले जातात, टपालात टाकल्यापासून नाही. जुन्या करारांत ‘रजिस्टर्ड पोस्टाने’ असे लिहिलेले असते. ती सेवा टपाल खात्याने २०२५मध्ये स्पीड पोस्टमध्ये सामावून घेतली. कमिटीने ठरावाचा क्रमांक घालून नोटीस २७ मे रोजी स्पीड पोस्टने पाठवली, ईमेल केली आणि एक प्रत एजन्सीच्या कार्यालयात देऊन शिक्क्यासह पोच घेतली. पोचेवर तारीख होती २९ मे. तीस दिवस २८ जूनला भरतात.

तरीही शेवटचा दिवस २८ किंवा ३० जून लिहिला नाही. ‘३० जून रोजी करार संपेल’ असे लिहिले तर मध्यरात्री बारानंतर रात्रपाळीचा गार्ड कोणाचा? त्याची ड्यूटी सकाळी आठला सुटते. जुनी एजन्सी म्हणेल बारा वाजता आमचे संपले, नवी म्हणेल आमचे आठला सुरू. नोटिशीत म्हणून ‘१ जुलै, सकाळी ८ वाजता’ असे स्पष्ट आले. बिल कुठवरचे, याचाही निकाल त्यातच लागला.

मधल्या महिन्याची खरी दोरी पगाराची. काम सुटणार म्हटल्यावर एजन्सी शेवटचा पगार लांबवते, मग गार्ड येईनासे होतात. कंत्राटदाराने वेतन थकवले तर मुख्य मालकाने ते द्यावे आणि कंत्राटदाराकडून वसूल करावे, हे तत्त्व १९७०च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून चालत आले आहे. कायदा लागू होणे कामगारांच्या संख्येवर अवलंबून असते, पण थकलेला गार्ड दाद मागायला गेटच्या आतच येतो. म्हणून नोटिशीत लिहिले गेले की मेचे बिल वेळेवर मिळेल. जूनचे अंतिम बिल मात्र प्रत्येक गार्डला पगार दिल्याचा पुरावा आणि नावांसह पीएफ व ईएसआयची चलने दिल्यावरच निघेल. सगळेच बिल अडवून धरले असते तर पहिला फटका गार्डलाच बसला असता.

नव्या एजन्सीकडून २००५च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्याखालचा चालू परवाना आणि गार्डच्या पोलीस पडताळणीचे कागद आधीच घेतले. तिचे दोन गार्ड शेवटच्या तीन रात्री जुन्या गार्डबरोबर फिरले. पाण्याच्या टाकीची किल्ली कुठली, फायर पॅनेल वाजले तर आधी कुठे पाहायचे, हे कागदावर नसते. ते रात्री बरोबर चालताना कळते.

१ जुलैच्या सकाळी केबिनमध्ये सेक्रेटरी, दोन्ही सुपरवायझर आणि टेबलावर किल्ल्यांचा ढीग. नोंदीत ४६ किल्ल्या, मोजल्यावर ४४. क्लब हाउसच्या मागच्या दाराची आणि एका मीटर रूमची नव्हती. चार्ज-यादीत तसे लिहून तिघांनी सह्या केल्या आणि दोन कुलुपे त्याच दिवशी बदलली. व्हिजिटर बुक, मटेरियल इन-आउट आणि राउंडच्या वहीत शेवटच्या नोंदीखाली रेघ मारून सही झाली, म्हणजे मागाहून ओळ घुसवायला जागा उरली नाही. डीव्हीआरचा पासवर्ड बदलला. गेट अ‍ॅपवरचे जुन्या सुपरवायझरचे लॉगिन बंद केले. हे शेवटचे काम पुष्कळ ठिकाणी राहून जाते, आणि गेलेल्या माणसाच्या फोनवर कोण आले, कोण गेले याच्या सूचना महिनोन्‌महिने वाजत राहतात.

सव्वाआठला नवे गार्ड रांगेत उभे राहिले. त्यांतला एक ओळखीचा निघाला: जुन्या एजन्सीतला, ‘बी’ विंगचा, तोच चेहरा आणि नवा गणवेश. असे सर्रास होते. सोसायटीने जुन्या एजन्सीची माणसे अमुक महिने घेऊ नयेत, असे कलम पुष्कळ करारांत असते, त्यामुळे अध्यक्षांनी करार मागवला. कलम थेट नेमणुकीपुरते होते. नव्या एजन्सीने आपल्या नोकरीत घेतलेल्या माणसाविषयी त्यात काही नव्हते. सेक्रेटरींनी मस्टर उघडले आणि मे महिन्याच्या डबल ड्यूट्यांत त्याचे नाव शोधले. सहा वेळा होते. त्यांनी नव्या सुपरवायझरला रात्रपाळीच्या रिलीव्हरचे नाव आणि फोन नंबर विचारला, आणि तो भिंतीवरच्या फळ्यावर लिहायला लावला.