तलफ ठरते वेगावर

21 मिलिग्रॅमचा निकोटिन पॅच दंडावर लावला, तर दिवसभरात साधारण पाकीटभर सिगारेटींइतकं निकोटिन अंगात जातं. तरीही पॅचची चटक लागलेला माणूस सहसा सापडत नाही. म्हणजे मात्रेपेक्षाही ती मेंदूत किती वेगाने पोचते, हे महत्त्वाचं. पॅचमधलं निकोटिन कातडीतून तासन् तास झिरपतं. सिगारेटच्या झुरक्यातलं मात्र फुप्फुसांतून थेट रक्तात उतरतं आणि दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं.

मेंदूत अ‍ॅसिटिलकोलिन नावाच्या नैसर्गिक रसायनासाठी असलेल्या जागा निकोटिन बळकावतं आणि डोपामिन स्रवू लागतं. झुरका आणि बरं वाटणं यांत इतकं कमी अंतर असतं की मेंदू दोन्हींची गाठ पक्की बांधतो. एका सिगारेटीचे दहा झुरके धरले, तर रोज पाकीट ओढणाऱ्याचा हा धडा दिवसातून दोनशे वेळा गिरवला जातो. सततच्या माऱ्याने त्या जागा बधिर होतात आणि त्यांची संख्या वाढते. रक्तातलं निकोटिन दोनेक तासांत निम्म्यावर येतं. मग चिडचिड होते, लक्ष लागत नाही. पुढची सिगारेट ही अस्वस्थता शमवते, आणि ओढणाऱ्याला वाटतं, सिगारेटने ताण हलका केला.

व्हेपमध्ये काहीच जळत नाही. बॅटरीवर तापणारी तार निकोटिन मिसळलेल्या द्रवाची वाफ करते. त्यामुळे डांबर नसतं, कार्बन मोनॉक्साइडही जवळपास नसतो. हा फरक खरा आहे आणि तो नाकारू नये. पण ती वाफ निर्धोक नाही. तार फार तापली तर फॉर्माल्डिहाइडसारखी घातक रसायनं तयार होतात.

सुरुवातीच्या व्हेपमधून निकोटिन बेताचंच मिळायचं. त्यातलं निकोटिन अल्कधर्मी असल्याने प्रमाण वाढवलं की घसा जळायचा, ठसका लागायचा. 2015 मध्ये अमेरिकेत आलेल्या ‘जूल’ने निकोटिनला बेंझोइक आम्लाची जोड देऊन त्याचा क्षार वापरला. त्यामुळे वाफ मऊ झाली आणि 5 टक्के निकोटिनही सहज ओढता येऊ लागलं. युरोपीय संघाची मर्यादा मिलिलिटरला 20 मिलिग्रॅम आहे. जूलचं प्रमाण त्याच्या जवळपास तिप्पट होतं. घशाची जळजळ नवख्या पोराला आपोआप अडवत होती. तो अडसर गेला, हे मला सगळ्यांत गंभीर वाटतं.

शिवाय सिगारेट संपते, विझवावी लागते. व्हेपला असा शेवट नाही. वर्गाबाहेर दोन झुरके, अंथरुणात चार, आणि वासही फारसा नाही. किती ओढलं याचा हिशेब ओढणाऱ्यालाही राहत नाही.

भारतात 2019 च्या कायद्याने ई-सिगारेटच्या उत्पादनावर आणि विक्रीवर बंदी आहे. चोरून विकल्या जाणाऱ्या व्हेपवर छापलेल्या प्रमाणाची खात्री कोण देणार? म्हणून घरच्यांनी आकड्यापेक्षा सकाळ पाहावी. व्यसन मोजताना डॉक्टरही आधी विचारतात, उठल्यावर पहिला झुरका किती वेळात? पाच मिनिटांच्या आत असेल, तर रात्रभरात उतरलेलं निकोटिन शरीर लगेच मागतंय, म्हणजे पकड घट्ट आहे.