मृत्यूचे कारण जिवंतांच्या कार्डिओग्राममध्ये

1856 मध्ये जर्मन वैद्य फ्रीडरिश माइस्नर यांनी लाइपझिगच्या मूकबधिर शाळेतल्या एका मुलीची हकीकत नोंदवली. चुकीबद्दल सर्वांसमोर बोलावून रागावताच ती कोसळली आणि तिथेच गेली. आईवडिलांना हे अगदीच अनपेक्षित वाटले नाही, कारण त्यांची आणखी दोन मुले अशीच अचानक दगावली होती, एक घाबरल्यावर, एक संतापाच्या भरात. पुढे शंभर वर्षांनी, 1957 मध्ये, येर्वेल आणि लांगे-नील्सन या नॉर्वेतल्या डॉक्टरांना तसेच एक घर सापडले. सहा भावंडांपैकी चौघे जन्मतः बहिरे, त्यांना वारंवार मूर्च्छा येत असे आणि त्यातली तिघे लहानपणीच गेली. आता मात्र हाती कार्डिओग्राम होता. त्यात क्यूटी नावाचे अंतर नेहमीपेक्षा लांबलेले दिसले आणि ‘लाँग क्यूटी’ या आनुवंशिक आजाराचा अभ्यास सुरू झाला. या दोन्ही हकीकतींत पुरावा मेलेल्या मुलाच्या शरीरात नव्हता, तो घरात होता. या लेखातला मुद्दा तोच आहे. तरुण माणसाच्या अशा मृत्यूचा तपास शवविच्छेदनाच्या टेबलावर संपत नाही, उरलेला भाग सख्ख्या नातेवाइकांच्या तपासणीत होतो. ही तपासणी म्हणजे खबरदारीचा जादा सोपस्कार असे समजणे चूक आहे.

हृदयाच्या प्रत्येक ठोक्यात पेशींमध्ये आधी सोडियम आत शिरते आणि नंतर पोटॅशियम बाहेर जाऊन पेशी पुढच्या ठोक्यासाठी तयार होते. या सगळ्याला लागणारा वेळ कार्डिओग्रामवर क्यूटी म्हणून दिसतो. पोटॅशियमला बाहेर जाण्याच्या वाटा ठरावीक प्रथिनांच्या असतात आणि त्यातली एक वाट अॅड्रेनलिन वाढले की अधिक जोमाने काम करते. म्हणून धावताना ठोके वाढतात तसा क्यूटी आखूड होतो. या प्रथिनाच्या जनुकात, केसीएनक्यू1 मध्ये, दोष असेल तर ठोके वाढतात पण क्यूटी पुरेसा आखडत नाही. पेशी सावरण्याआधीच पुढचा ठोका येतो, लय विस्कटते, रक्त पुढे ढकलले जात नाही आणि माणूस काही सेकंदांत बेशुद्ध पडतो. लय आपोआप सावरली तर ती ‘चक्कर’ किंवा ‘फीट’ ठरते, नाही सावरली तर मृत्यू. लाँग क्यूटीच्या या पहिल्या प्रकारात पोहणे विशेष घातक असते. दुसऱ्या प्रकारात दचकवणारा आवाज, गजर किंवा फोनची घंटा पुरते, आणि बाळंतपणानंतरचे महिने धोक्याचे असतात. तिसऱ्या प्रकारात विश्रांतीत किंवा झोपेत घात होतो. कसा प्रसंग घडला यावरून कोणते जनुक बिघडले असेल याचा अंदाज बांधता यावा, असे वैद्यकात फार थोड्या ठिकाणी होते.

दोष प्रथिनाच्या वागण्यात असल्यामुळे शवविच्छेदनात हृदय निर्दोष दिसते. वजन बरोबर, झडपा बरोबर, रक्तवाहिन्या मोकळ्या. वायरीत वीज कशी वाहत होती हे वायर कापून कळत नाही, तसेच हे. मग कागदावर जे दिसते ते लिहिले जाते. पाण्यात गेला म्हणून ‘बुडून मृत्यू’, आधी फीट येत होती म्हणून ‘अपस्मार’, नाहीतर नुसता ‘हार्ट अटॅक’. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील 1 ते 35 वयाच्या आकस्मिक हृदयमृत्यूंचा अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या 490 मृत्यूंपैकी 40 टक्क्यांमध्ये संपूर्ण शवविच्छेदनानंतरही कारण सापडले नाही. अशा 113 जणांच्या जनुकांची तपासणी केली, तेव्हा 27 टक्क्यांत आजाराशी जोडता येईल असा बदल मिळाला. बाकीच्यांची उत्तरे शोधायला उरतात ते नातेवाईकच.

एक काल्पनिक पण नेहमीच्या तऱ्हेचे कुटुंब घेऊ. पंधरा वर्षांचा, पट्टीचा पोहणारा मुलगा विहिरीत सूर मारतो आणि वर येत नाही. नोंद ‘बुडून मृत्यू’ अशी होते. पट्टीचा पोहणारा भर दुपारी, मित्रांसमोर, कसल्याही धडपडीविना बुडतो, ही बाब खरे तर तिथेच खटकायला हवी. आईला विचारल्यावर कळते की लहानपणी ती दोनदा धावताना कोसळली होती आणि फीट समजून तिला वर्षभर गोळ्या दिल्या होत्या. तिच्या कार्डिओग्रामवर क्यूटी 430 मिलिसेकंद येतो. आकडा साधा वाटतो, पण त्या वेळी ठोके मिनिटाला 75, म्हणजे दोन ठोक्यांमधले अंतर 0.8 सेकंद. त्याच्या वर्गमुळाने भागले की दुरुस्त क्यूटी 481 येतो. असा आकडा पुन्हा पुन्हा आला, तर 480 ही निदानाला पुरेशी मानली जाणारी रेषा ओलांडलेली असते. हा भागाकार मशीन करते, पण ठोके अनियमित असले किंवा टी लाटेची शेपूट पसरट असली की मशीन चुकते. म्हणून जाणता डॉक्टर पट्टीवर हाताने मोजतो.

अकरा वर्षांच्या बहिणीचा विश्रांतीतला आकडा 450, म्हणजे ना इकडे ना तिकडे. तिला ट्रेडमिलवर चालवून थांबवल्यावर चौथ्या मिनिटाला पुन्हा मोजले तर 495 भरतो. विश्रांतीत लपलेला दोष श्रमानंतर उघड होतो तो असा. वडिलांचा कार्डिओग्राम साफ. आईच्या रक्तात केसीएनक्यू1 मधला ठराविक बदल मिळतो. तो सापडला की पुढचे काम सोपे आणि स्वस्त होते, कारण इतरांमध्ये तेवढीच एक जागा पाहायची असते आणि उत्तर हो किंवा नाही असे येते. मामाला नाही, म्हणून मामाची मुलेही या शंकेतून कायमची सुटतात. मावशीला आहे. आजीला आहे, आणि तिचा आकडा 425! अडुसष्ट वर्षांत तिला एकदाही चक्कर आलेली नाही.

ही आजीच पहिल्या आक्षेपाचे बळ आहे. दोष घेऊन माणूस अडुसष्ट वर्षे सुखाने जगत असेल, तर धडधाकट माणसांना रोगी का ठरवायचे? दोष असलेल्या सुमारे चौथाई लोकांचा क्यूटी विश्रांतीत सामान्य असतो आणि पुष्कळांना आयुष्यभर त्रास होत नाही, हे खरेच आहे. परंतु आजीला कोणी हृदयात यंत्र बसवायला सांगत नाही. तिला मिळते ती टाळायच्या औषधांची यादी. त्या यादीत आपल्याकडे पित्ताच्या गोळीत सर्रास मिसळलेले डॉमपेरिडोन आहे, उलटीवरचे ऑन्डान्सेट्रॉन आहे, क्लॅरिथ्रोमायसिनसारखी प्रतिजैविके आहेत. जुलाबांनी पोटॅशियम घसरले असताना अशा दोन गोळ्या एकत्र पडल्या, तर शांत राहिलेला दोषही बाहेर येऊ शकतो. मुलीला मात्र प्रोप्रॅनोलॉलसारखा बीटा-ब्लॉकर रोज घ्यावा लागतो. या पहिल्या प्रकारात तो विशेष गुणकारी ठरतो, आणि उपचार चालू असताना घडलेल्या दुर्घटनांमागे पुष्कळदा चुकवलेली गोळी किंवा टाळायचे औषध निघते. दमा असेल तर वेगळा विचार लागतो. झटका देणारे यंत्र मुख्यतः ज्यांचे हृदय एकदा थांबून परत आले त्यांच्यासाठी किंवा औषध घेऊनही कोसळणाऱ्यांसाठी राखलेले बरे, कारण लहान मुलांत त्याच्या तारा तुटतात आणि विनाकारण झटकेही बसतात. तपासणी म्हणजे सर्वांवर एकच कठोर उपचार, हा समज सोडला की आक्षेपाची धार कमी होते.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा आहे: इतके साधे यंत्र आहे, तर शाळेतल्या सगळ्याच मुलांचे कार्डिओग्राम का काढू नयेत? उत्तर हिशेबात आहे. हा आजार साधारण दोन हजारांत एकाला असतो. समजा तपासणी शंभरातल्या दोन निरोगी मुलांना चुकून संशयित ठरवते. दोन हजार मुलांत एक खरा सापडेल, तोही त्याचा क्यूटी त्या दिवशी लांब असला तर, आणि त्याच्यासोबत चाळीस निरोगी मुले खेळ सोडून दवाखान्याच्या फेऱ्या मारतील. ज्याच्यात दोष निश्चित झाला त्याच्या भावंडांत मात्र दर दोघांत एकाला तो असण्याची शक्यता असते. तीच चाचणी आणि तेवढीच चूक, पण इथे संशयित ठरलेला बहुधा खराच आजारी असतो. म्हणूनच तपासणीची सुरुवात मृत्यू झालेल्या घरापासून करायची.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो, तो म्हणजे उत्तर मिळेलच असे नाही. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडच्या त्याच अभ्यासात ज्यांच्या घरी नातेवाइकांची रीतसर तपासणी झाली, तिथे आजार उघड झाला तो 13 टक्के घरांत. काही तज्ज्ञ केंद्रांचे आकडे याहून बरेच चांगले आहेत, पण ‘काही सापडले नाही’ हे ऐकायची तयारी असावी लागते. जनुक अहवालात ‘अर्थ अनिश्चित’ असा शेराही पडतो. 2020 मध्ये लाँग क्यूटीशी जोडलेल्या सतरा जनुकांची फेरतपासणी झाली तेव्हा नेहमीच्या स्वरूपाच्या आजाराला ठाम आधार फक्त तिघांना मिळाला. म्हणजे तोवर कित्येकांच्या अहवालात कच्च्या पुराव्याची नावे छापली जात होती. अनिश्चित बदलावरून कोणाला औषध सुरू करू नये आणि कोणाला मोकळेही करू नये. अशा घरात कार्डिओग्राम आणि ट्रेडमिल यांवर भिस्त ठेवायची, आणि मुले मोठी होईपर्यंत त्यांची तपासणी अधूनमधून पुन्हा करायची, कारण सातव्या वर्षी साफ आलेला कार्डिओग्राम पंधराव्या वर्षी साफ असेलच असे नाही. शिवाय व्यायामाने उसळणारा सीपीव्हीटी हा भाऊबंद आजार विश्रांतीच्या कार्डिओग्रामवर मुळीच दिसत नाही. तो पकडायला ट्रेडमिलच लागते.

आणि मुलीच्या लग्नाचे काय? हा प्रश्न डॉक्टरच्या खोलीत विचारला जात नाही, पण घरी परतताना रिक्षात नक्की निघतो. त्याला वैद्यकीय उत्तर देऊन तो संपत नाही हे मान्य केले पाहिजे. तरीही लपवण्याचा हिशेब उलटा पडतो. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर औषध चालू ठेवायचे असते, आणि ते सासरी ठाऊक नसेल तर बंद पडते तेही नेमके त्याच महिन्यांत. आपल्याकडे मामेबहिणीशी लग्नाची चाल असलेल्या समाजांत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. पतिपत्नी दोघांकडेही केसीएनक्यू1 मधला एकच दोष असेल, तर चारांतल्या एका मुलाला तो दोन्हीकडून मिळतो. तेच प्रथिन अंतर्कर्णातही लागते, म्हणून असे मूल बहिरे जन्मते आणि त्याचा क्यूटी फार लांब असतो, येर्वेल आणि लांगे-नील्सन यांनी पाहिलेल्या मुलांसारखा. जन्मतः बहिऱ्या मुलाचा, विशेषतः कॉक्लिअर इम्प्लांटसाठी भूल देण्याआधी, एक कार्डिओग्राम काढणे हा यातला सर्वांत स्वस्त उपाय असावा.

राहिला प्रश्न मृताच्या रक्ताचा. मेलेल्याचा कार्डिओग्राम निघत नाही, पण जनुक मिळते, नमुना नीट ठेवला तर. 1999 मध्ये अमेरिकेत बुडण्याच्या घटनेनंतर मेलेल्या एकोणीस वर्षांच्या तरुणीच्या जपून ठेवलेल्या ऊतीत केसीएनक्यू1 मधला दोष सापडला होता. आपल्याकडे व्हिसेरा विषतपासणीसाठी मिठाच्या संपृक्त द्रावणात जातो आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे तुकडे फॉर्मालिनमध्ये, ज्यात डीएनए तुटत जातो. जनुकासाठी लागते ते ईडीटीए असलेल्या, जांभळ्या झाकणाच्या नळीतले काही मिलिलिटर रक्त, फ्रीजरमध्ये ठेवलेले. चाळिशीच्या आतल्या माणसाच्या हृदयात काही सापडले नाही, की ही नळी भरायची आणि अहवालात ‘कारण निश्चित नाही, सख्ख्या नातेवाइकांची हृदयतपासणी करावी’ एवढे वाक्य लिहायचे. नळीचा खर्च नगण्य आहे. वाक्य मात्र शवागारातून घरापर्यंत पोहोचवायला कोणाची तरी नेमणूक लागते, आणि ती कुठल्याही नमुन्यात छापलेली नसते.