पडद्याला ऐकू येत नाही

यूट्यूबवर बघून तबला शिकणाऱ्याला तीनतालाचा ठेका लवकर येतो. सोळा मात्रा पाठ होतात, टाळी-खाली कळते, सम चुकत नाही. तरीही हातातून निघणारा आवाज व्हिडिओतल्यासारखा नसतो. दोष वाद्याचा वाटतो आणि हात आणखी जोरात पडू लागतो. खरी गडबड बहुधा उजव्या हाताच्या अनामिकेत असते.

‘ना’ हा तबल्याचा पायाचा बोल. तर्जनी चाटेवर, म्हणजे पुडीच्या कडेच्या पट्टीवर पडते, हे कुणालाही दिसते. पण त्याच वेळी अनामिका शाईच्या कडेला हलकी टेकलेली असते. ती काहीच करत नाही असे वाटते. प्रत्यक्षात स्वर तीच ठरवते. पुडी मोकळी वाजवली की तिचा खालचा, घुमणारा नाद येतो. ‘तूं’मध्ये तोच ऐकू येतो. अनामिकेच्या स्पर्शाने तो दबतो आणि वरचा स्वच्छ स्वर उरतो. गवयाच्या षड्जाला तबला मिळवताना हाच स्वर जुळवतात. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह 1920 साली ‘नेचर’मध्ये लिहिले, ते नेमके या पुडीबद्दल: शाईच्या वजनामुळे तिचे वरचे नाद सुरेल प्रमाणात बसतात.

आता हे बोट किती टेकवायचे? इथेच व्हिडिओ हात टेकतो. बोटाची जागा दिसते, दाब दिसत नाही. समोर बसलेले गुरुजी शिष्याचे मनगट धरून हे क्षणात सांगतात. एकट्याने शिकणाऱ्याला कानावर विसंबावे लागते. आधी ‘तूं’ वाजवावा, लगेच ‘ना’. ‘ना’च्या खाली ‘तूं’चा घुमणारा नाद शिल्लक असेल, तर अनामिका उचलली जाते आहे. उलट ‘टक’ असा कोरडा, लगेच विझणारा आवाज येत असेल, तर ती पुडीत रुतली आहे किंवा तर्जनी पडल्यावर तिथेच चिकटून राहते आहे. तर्जनी तापल्या तव्याला लागल्यासारखी परत उठली पाहिजे.

अर्थात, तबला लागलेला नसेल तर ही परीक्षाच फसते. चाटेवर सगळीकडून टिचकी मारून स्वर सारखा येतो का, ते पाहावे. साडेपाच इंची पुडीचा तबला साधारण काळी एकला लावतात. मोबाइलवरचा तानपुरा त्या पट्टीत सुरू ठेवून जुळवावा. स्वर कमी असलेल्या बाजूला गजऱ्यावर हातोडीने वरून हलके ठोकले की तो चढतो. पहिल्यांदा दुकानातून लावून आणलेला बरा. बेसूर तबल्यावर ‘ना’ उमटतच नाही, आणि तो काढण्यासाठी खांद्यातून मारण्याची सवय लागते. ती मोडायला पुढे फार त्रास होतो.

दुसरी सवय वेगाची. दिल्लीचा ‘धाधा तिट धाधा तूना’ हा कायदा जवळपास प्रत्येक मालिकेत असतो. ठायीत सगळे नीट जाते. दुगुणीत ‘तिट’साठी हात शाईच्या मध्याकडे सरकतो आणि पुढच्या ‘धा’ला अनामिका जागेवर परतत नाही. वाजवणाऱ्याला हे कळत नाही, कारण डग्ग्याच्या घुमाऱ्यात उजव्या हाताचा दोष झाकला जातो. म्हणून कायदा आधी डग्ग्याशिवाय वाजवावा. ‘धा’च्या जागी नुसता ‘ना’ राहतो. मोबाइल उजव्या खांद्याच्या मागे, थोडा उंचावर ठेवून मागच्या कॅमेऱ्याने चित्रण करावे; सेल्फी कॅमेऱ्यात डावे-उजवे उलटे दिसू शकते. मग ते अर्ध्या वेगाने पाहावे. ज्या लयीत पहिला ‘ना’ बिघडतो, तिच्या थोडे खाली येऊन रियाज करावा. कोपराखालचा भाग दुखू लागला, तर थांबून हात सैल सोडावा.

एकाच वेळी चार जणांचे धडे पाहू नयेत. ‘तिट’ किंवा ‘तिरकिट’ची बोटे घराण्यागणिक बदलतात. प्रत्येकाचे आपापल्या जागी बरोबर असते, पण नवख्या हातात त्यांची खिचडी होते. निदान पहिला कायदा पक्का होईपर्यंत एकच हात समोर असावा.

डग्ग्याची गोष्ट अधिक अवघड. ‘घे’मधली मींड मनगटाच्या दाबाने निघते, आणि तो दाब कुठलाच कॅमेरा दाखवत नाही. ऐकून नक्कल करणाऱ्याचे मनगट पुडीला टेकण्याऐवजी बऱ्याचदा हवेतच राहते, नाही तर इतके दाबले जाते की घुमारा उरत नाही. इथे मात्र एकदा तरी एखाद्या वाजवणाऱ्यासमोर बसावे. गाव लहान असेल, तर भजनी मंडळातला जाणता तबलजीही चालेल. त्यांना कायदा वाजवून दाखवू नये. नुसते ‘ना’, ‘तूं’ आणि ‘घे’ सावकाश ऐकवावेत, आणि डग्ग्यावरच्या आपल्या मनगटावर त्यांना हात ठेवायला सांगावा.