यातला मंगळ कोणता?

फोटोत तीन ठिपके बाकीच्यांपेक्षा ठळक आहेत. एक वरच्या कडेजवळ, दुसरा खाली डावीकडे आणि तिसरा खाली उजवीकडे, जवळजवळ दुसऱ्याच्याच उंचीवर. भोर तालुक्यातल्या एका शिक्षकांनी २५ जानेवारी २०२५ च्या शनिवारी संध्याकाळी साडेसातला शाळेच्या मैदानातून पूर्वेकडे तोंड करून, फोन थोडा वर उचलून तो काढला आणि खाली लिहिले, ‘ग्रहांची रांग मिळाली. गुरू, मंगळ आणि शनी.’

यातले पहिले नाव बरोबर आहे. दुसरे बरोबर आहे की नाही ते फोटोवरून ठरवता येते, आणि आजचा लेख त्या ठरवण्याबद्दलच आहे. तिसरे नाव चूकच, कारण शनी त्या वेळी शुक्राच्या सोबतीने पश्चिमेला, म्हणजे फोटो काढणाऱ्याच्या पाठीमागे होता.

त्या जानेवारीत तीन आठवडे या ‘रांगे’च्या बातम्या आपण वाचत होतो. माझे मत स्पष्ट आहे: रांग ही बातमी नाही. सगळे ग्रह सूर्याभोवती जवळपास एकाच पातळीत फिरतात, त्यामुळे पृथ्वीवरून ते आकाशात नेहमीच एका पट्ट्यात दिसतात. संध्याकाळी एकाच वेळी चार ठळक ग्रह दिसावेत हे मात्र रोजचे नाही. त्यातले कोणते आपल्या फोटोत आले आहेत, हे फोटो पुढे पाठवण्याआधी स्वतः शोधून काढता येते. त्यासाठी हवा तो मूळ फोटो आणि कागदावरचा आकाशाचा नकाशा.

मूळ फोटो म्हणतो आहे, कारण व्हॉट्सॅपवरून साधेपणाने पाठवलेल्या फोटोत काढल्याची वेळ उरत नाही आणि बारीक तारेही पुसले जातात. शिक्षकांकडून मी तो फाइल म्हणून पुन्हा मागवला. वेळ का महत्त्वाची, ते सांगतो. तारे रोज ४ मिनिटे आधी उगवतात. माझ्याकडचा नकाशा १५ जानेवारीच्या रात्री ८ वाजताचा होता. दहा दिवसांनी तेच आकाश ४० मिनिटे आधी, म्हणजे ७ वाजून २० मिनिटांनी दिसणार. फोटोची वेळ साडेसात, म्हणजे नकाशा चालण्यासारखा होता. महिना जुना नकाशा घेतला असता तर दोन तासांची चूक झाली असती आणि अर्धे आकाश जुळले नसते.

नकाशा हातात घेतल्यावर पहिला गोंधळ दिशांचा होतो. टेबलावर ठेवलेल्या आकाशनकाशात उत्तर वर असली तर पूर्व डावीकडे असते. भूगोलाच्या नकाशाची सवय असलेल्याला ही छपाईची चूक वाटते. पण हा नकाशा डोक्यावर धरून पाहायचा आहे. तसा धरला की दिशा जागेवर येतात. आपण पूर्वेकडे पाहत असू तर ‘पूर्व’ लिहिलेली कड खाली यायला हवी. मग उत्तर डाव्या हाताला, दक्षिण उजव्या हाताला, फोटोतल्यासारखीच.

आता सुरुवात ठळक ठिपक्यांपासून करू नका. सगळे तिथेच चुकतात. ग्रह सरकत असतात, म्हणून छापील नकाशात ते बहुधा नसतातच; ठळक ठिपका घेऊन नकाशात शोधायला गेले की तो कुठल्या तरी ठळक ताऱ्यावर बळेच बसवला जातो. सुरुवात करायची ती आकृतीपासून. या फोटोत मधोमध, किंचित उजवीकडे, तीन तारे जवळजवळ उभे, सारख्या अंतरावर आहेत. हा मृगाच्या पोटातला बाण. त्याच्या डावीकडे नारिंगी झाक असलेला काक्षी आणि उजवीकडे, त्याच उंचीवर, निळसर पांढरा राजन्य. परदेशी पुस्तकांत मृग उभा छापलेला असतो, काक्षी वर आणि राजन्य खाली. आपल्याकडे तो पूर्वेला चढताना आडवा असतो. हा नव्वद अंशांचा फरक लक्षात न आल्यामुळे समोरचा मृग ओळखता न आलेले अनेक जण मला भेटले आहेत.

मृग सापडला की फोटोला मोजपट्टी मिळते. काक्षी ते राजन्य हे अंतर आकाशात साडेअठरा अंशांचे आहे. शिक्षकांच्या ४००० पिक्सेल रुंदीच्या फोटोत ते साधारण १०८० पिक्सेल भरले. म्हणजे एका अंशाला ५८ पिक्सेल. आता कुठलेही अंतर फोटोत मोजा, ५८ ने भागा आणि नकाशाशी ताडून पाहा.

बाणाची रेघ खाली वाढवली की ती थेट खाली-उजवीकडच्या ठळक ठिपक्याजवळ पोचते. आपल्या जुन्या गोष्टीत हा बाण ज्याने सोडला तो व्याध हाच. रात्रीच्या आकाशातला सगळ्यांत तेजस्वी तारा; शिक्षकांचा ‘शनी’ तो हा. रेघ उलट, वर वाढवली की तांबूस रोहिणी लागते. रोहिणीच्या डावीकडे, त्याच उंचीवर, पाच अंशांवर फोटोतला वरचा ठळक ठिपका आहे. नकाशात त्या जागी एवढा तेजस्वी तारा नाही. तो गुरू.

राहिला खाली-डावीकडचा. त्याच्या डाव्या बाजूला दोन तारे आहेत, जवळचा पोलक्स आणि पलीकडचा कॅस्टर. हे पुनर्वसूचे जोडतारे. नकाशात या दोघांमधले अंतर साडेचार अंश आहे. मी फोटोत मोजले तर २८३ पिक्सेल, म्हणजे ४.९ अंश आले. इथे पुष्कळांना वाटते की तारे चुकीचे ओळखले. तसे नाही. फोनचे रुंद भिंग वाकडे आकाश सपाट चौकटीत ताणून बसवते, आणि हा ताण मध्यापासून दूर जाऊ तसा वाढतो. या फोटोत मध्यावर एका अंशाला ५२ पिक्सेल येतात, तर डाव्या-उजव्या कडेला आडव्या दिशेने ७५ च्या आसपास. मृग मध्यापासून उजवीकडे पसरलेला असल्यामुळे त्याची मोजपट्टी या दोहोंच्या मधली निघाली. पुनर्वसू मध्यापासून जवळजवळ तीस अंश दूर आहेत, म्हणून ते थोडे फुगले.

नकाशाही निर्दोष नसतो. ध्रुव मध्यभागी धरलेल्या गोल नकाशात उत्तरेकडचे आकाश ठीक राहते आणि दक्षिणेकडचे रुंदीत पसरते. म्हणून फोटो नकाशावर ठेवून प्रत्येक तारा नेमका जुळेल ही अपेक्षाच सोडून द्यावी. जुळायला हवा तो क्रम, कोन आणि शेजार. अंतरात पाच-दहा टक्के फरक चालेल. दुप्पट फरक आला तर ओळख चुकली.

पोलक्सपासून उजवीकडे अडीच अंशांवर, म्हणजे ताणलेल्या हाताच्या दीड बोटाएवढ्या अंतरावर, तो ठळक ठिपका आहे. नकाशात तिथे काहीच नाही. ग्रह असल्याची ही पहिली खूण. दुसरी खूण आयनिकवृत्ताची. सूर्य वर्षभरात तारकांमधून ज्या वाटेने जातो ती ही रेषा. नकाशात बहुधा तुटक काढलेली असते. ग्रह तिच्यापासून काही अंशांपलीकडे जात नाहीत. गुरू आणि हा ठिपका दोन्ही तिच्या लगत आहेत. व्याध तिच्यापासून जवळपास ४० अंश दूर आहे. नकाशावर फूटपट्टी ठेवली तरी कळते की व्याधाच्या जागी ग्रह कधीच असू शकत नाही.

तेजावरून मात्र निवाडा करू नका. मंगळ १६ जानेवारीला सूर्याच्या बरोबर समोर आला होता आणि त्याआधी चार दिवस पृथ्वीच्या सर्वांत जवळ, सुमारे ९ कोटी ६० लाख किलोमीटरवर होता. त्यामुळे त्या आठवड्यांत तो व्याधाच्या तोडीचा दिसत होता. शिवाय फोनच्या रात्रीच्या फोटोत ठळक ठिपक्यांचा मधला भाग जळून पांढरा होतो. शिक्षकांच्या फोटोत मंगळ आणि व्याध दोन्ही सारखेच पांढरे आहेत. रंग हवा असेल तर दुसरा फोटो कमी वेळाचा घ्या, किंवा फोकस मुद्दाम थोडा बिघडवा. ठिपका पसरून चकती झाली की मंगळाचा नारिंगी रंग दिसतो आणि व्याध पांढराच राहतो.

हे सगळे संगणकही करतो. अ‍ॅस्ट्रोमेट्री डॉट नेट ही सोय त्यासाठीच आहे, आणि तिची युक्ती मला फार आवडते. ती चार-चार ताऱ्यांचे गट घेते. त्यातले सगळ्यांत दूरचे दोन तारे पट्टीची दोन टोके मानते आणि उरलेले दोन त्या पट्टीच्या संदर्भात कुठे पडतात ते चार आकड्यांत लिहिते. फोटो फिरवा, लहान-मोठा करा, ते चार आकडे बदलत नाहीत. मग तेच आकडे ती आधी करून ठेवलेल्या यादीत शोधते. मृगाला धरून आपण जे केले त्याचेच हे शिस्तशीर रूप. पण फोनच्या रुंद फोटोतल्या कडांच्या ताणामुळे ती अडखळू शकते. मधला भाग कापून दिला तर काम सोपे होते. आणि तिची यादी ताऱ्यांची आहे, ग्रहांची नाही. फोटो आकाशात कुठे बसतो ते ती सांगेल. जास्तीचा ठिपका कोणाचा, हे आपल्यालाच ठरवायचे आहे.

युरेनसबद्दल अनेकांनी विचारले. त्या संध्याकाळी साडेसातला तो भोरच्या जवळजवळ बरोबर डोक्यावर, या चौकटीच्या बाहेर होता. चौकटीत असता तरी तशाच अंधुक ताऱ्यांच्या गर्दीत एकट्या फोटोवरून तो वेगळा काढता आला नसता.

मंगळाची शेवटची, कोणालाही नाकारता न येणारी खूण म्हणजे त्याचे सरकणे. तो तेव्हा वक्री होता आणि २४ फेब्रुवारीपर्यंत पोलक्सपासून दूर, मृगाच्या बाजूला जात राहिला; २५ जानेवारीपासून मोजले तर साधारण ६ अंश. शिक्षकांना मी त्याच जागेवरून आणखी एक फोटो घ्यायला सांगितले होते. रविवारी, ९ फेब्रुवारीला, चंद्र मंगळाच्या अगदी शेजारी होता आणि रात्र चढली तसा आणखी जवळ आला. ओळखायला ती रात्र सर्वांत सोपी, पण फोटोला वाईट, कारण पौर्णिमेच्या जवळ आलेल्या चंद्राच्या उजेडात पुनर्वसूसुद्धा फिके पडतात. म्हणून फोटो त्याच्या आठवडाभर आधीच घ्यायला सांगितले. त्या दिवसांत चंद्र पश्चिमेला बारीक कोरीसारखा होता आणि पूर्वेचे आकाश काळे होते. साडेसातऐवजी सातला उभे राहिले तर चौकट तीच मिळणार होती.