राउटरचं पान नेमकं कुठे उघडतं?

वायफायचा पासवर्ड बदलायचा असला की कोणीतरी हमखास सांगतं, ‘ब्राउझरमध्ये 192.168.1.1 टाक.’ पान उघडतं, नाव-पासवर्ड मागतं. राउटर उलटा करून तळाच्या लेबलवरचा पासवर्ड जसाच्या तसा टाकला, तरी चुकीचा ठरतो.

फायबरचं कनेक्शन असलेल्या घरांत हे बऱ्याचदा घडतं, कारण तिथे डबे दोन असतात. एक इंटरनेट कंपनीने भिंतीला लावलेला, दुसरा घरच्यांनी विकत आणलेला राउटर. दोन्ही चालू असले तर 192.168.1.1 हा कंपनीच्या डब्याचा पत्ता असू शकतो आणि घरच्या राउटरचा 192.168.0.1. लेबल एकाचं, पान दुसऱ्याचं.

म्हणून पत्ता ओळखीच्यांना विचारू नये. तो जोडलेल्या कॉम्प्युटरला ठाऊकच असतो, नाहीतर इंटरनेट चाललंच नसतं. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून एवढंच टाइप करायचं:

```
ipconfig
```

येणाऱ्या मजकुरात `Default Gateway` समोर जो आकडा दिसेल, तोच पत्ता. आयफोनवर वायफायच्या नावाशेजारच्या ‘i’ वर बोट ठेवलं की तो `Router` या नावाखाली सापडतो. व्हीपीएन मात्र आधी बंद करावा, कारण तो चालू असताना हा आकडा फसवा असू शकतो. आणि कॉम्प्युटरचा स्वतःचा पत्ता 169.254 ने सुरू होत असेल तर राउटरने त्याला पत्ताच दिलेला नाही. आधी केबल किंवा वायफाय तपासायला हवं.

पत्ता ब्राउझरमध्ये टाकताना पुढे `http://` लावावं, म्हणजे ब्राउझर तो गुगलवर शोधत बसत नाही. मोबाइलवरून करत असाल तर मोबाइल डेटा बंद ठेवावा. पाहुण्यांसाठीच्या गेस्ट वायफायवरून हे पान सहसा उघडतच नाही.

आता पासवर्ड. वायफायचा वेगळा आणि या पानाचा वेगळा. लेबलवर अनेकदा दोन्ही छापलेले असतात आणि घाईत नेमका पहिलाच टाकला जातो. जुन्या राउटरांवर नाव `admin` आणि पासवर्डही `admin` असे. नवे राउटर पहिल्याच वेळी मालकाला स्वतःचा पासवर्ड ठरवायला लावतात, त्यामुळे कनेक्शन जोडायला आलेल्या माणसाने तो ठरवून टाकलेला असणं अगदी शक्य आहे. त्यालाच विचारावं. अंदाज करत राहिलं तर काही राउटर थोडा वेळ कुलूपबंद होतात.

काहीच जमलं नाही तर मागचं बारीक रीसेटचं बटण. टाचणीने साधारण दहा सेकंद दाबलं की लेबलवरचा मूळ पासवर्ड परत येतो, पण बाकीची सगळी मांडणी पुसली जाते. घरचाच राउटर पीपीपीओई पद्धतीने कंपनीशी जोडला जात असेल, तर त्याचं युजरनेम आणि पासवर्डही त्यातच जातात आणि ते पुन्हा भरेपर्यंत घरात इंटरनेट येत नाही. ते आधी कंपनीकडून मागून लिहून ठेवावेत. भिंतीवरच्या डब्याचं बटण तर दाबूच नये. त्याची मांडणी कंपनीने केलेली असते आणि ती पुसली तर माणूस घरी येईपर्यंत थांबावं लागू शकतं.