सहा महिन्यांचा सौदा

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत असणाऱ्या एका कुटुंबातील मुलगी पुण्यात एका कंपनीच्या हिशेब विभागात कायम नोकरी करते. वार्षिक वेतन 8 लाख 40 हजार, राजीनाम्याची सूचना-मुदत 60 दिवस. गेल्या सप्टेंबरच्या आरंभी तिच्या मोबाईलवर एका भरती करणाऱ्या गृहस्थाचा संदेश आला : ‘हिंजवडीतील बड्या कंपनीत जागा. सहा महिन्यांचे कंत्राट, वाढण्याची शक्यता. सी-टू-एच. दरमहा एक लाखापर्यंत. लगेच रुजू होणारे हवेत. आज कळवा.’

सत्तर हजारांवरून एक लाख, हा आकडा कोणालाही भुरळ घालणारा होता. रविवारी ती गावी आली आणि तिने तो संदेश वडिलांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला.

“यात भाव दिसतो, पण भरती कुठे आहे? कपात कोणाची? आणि मालाची पट्टी कोण करणार?”

“अण्णा, हा नोकरीचा निरोप आहे, हळदीचा नव्हे.”

“म्हणूनच विचारतो. हळदीचा असता तर मला ठाऊक असते.”

त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. अशा व्यवहारात तीन पक्ष असतात. काम जिच्याकडे करायचे ती मूळ कंपनी, पगारपत्रक सांभाळणारी मध्यस्थ कंपनी, आणि माणूस शोधून देणारा भरतीवाला. नियुक्तीपत्र बहुधा मध्यस्थ कंपनीच्या कागदावर निघते आणि कायद्याने तीच मालक ठरते. ‘बड्या कंपनीत जागा’ याचा अर्थ पुष्कळदा एवढाच की, बसायचे तिथे. नोकर मात्र दुसऱ्याचे. भरतीवाल्याचे मानधन उमेदवार रुजू झाल्यावर मिळते, त्यामुळे ‘आज कळवा’ ही घाई त्याची असते.

पहिला मुद्दा मुदतीचा. मूळ कंपनी मध्यस्थाला खरेदी-आदेश देते आणि त्यावर अखेरची तारीख छापलेली असते. उमेदवार उशिरा आला म्हणून ती तारीख आपोआप पुढे सरकत नाही. मुलीने फोन करून विचारले तेव्हा आदेश 31 मार्चपर्यंतचा असल्याचे कळले. साठ दिवसांची सूचना-मुदत संपवून ती नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात रुजू झाली असती. सहा महिन्यांचे कंत्राट प्रत्यक्षात पावणेपाच महिन्यांचेही उरत नव्हते. शिवाय करारात बहुधा मधूनच काम थांबवण्याचे कलम असते. मूळ कंपनीने किती दिवसांची सूचना द्यायची आणि उमेदवाराने किती, हे दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहावेत. एका बाजूला सात आणि दुसऱ्या बाजूला तीस असे पाहण्यात येते.

पगाराचा पाया याहून फसवा. ‘दरमहा एक लाख’ याचा खुलासा मागताच उत्तर आले, “दिवसाला 4,500, बावीस दिवस धरून.” म्हणजे हजेरीचा दर. सहा महिन्यांत 26 आठवडे, कामाचे 130 दिवस. त्यातून सणावाराच्या सहा सुट्ट्या, नाताळात मूळ कंपनी बंद राहते ते चार दिवस आणि स्वतःचे आजारपण-अडचण मिळून पाच, असे पंधरा दिवस वजा केले तर 115 उरतात. त्यांचे 5,17,500 रुपये होतात, महिन्याला 86,250. कंत्राट संपून पुढचे मिळेपर्यंत एक महिना रिकामा गेला, तर तीच रक्कम सात महिन्यांवर पसरते आणि सरासरी सुमारे 73,900 वर येते. सत्तर हजारांच्या कायम पगारापेक्षा चार हजारांनी जास्त, एवढाच तो भाव.

याच रकमेत मालकाचा भविष्यनिर्वाह निधीचा हिस्सा धरला आहे का, हेही विचारावे लागते; पुष्कळ ठिकाणी तो धरलेलाच असतो. काही मध्यस्थ तर पगार न देता ‘व्यावसायिक शुल्क’ देतात. त्यातून 10 टक्के कर आधी कापला जातो, भविष्यनिर्वाह निधी नसतो, रजा नसते, आणि कागदोपत्री ती व्यक्ती नोकरदारही राहत नाही. हातात येणारी रक्कम सुरुवातीला मोठी दिसते, म्हणून हा प्रकार तरुणांना आवडतो. ग्रॅच्युइटीबाबत मात्र आता थोडा फरक पडला आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने मुदतबंद नोकराला एका वर्षाच्या सेवेनंतर तिचा हक्क दिला. सहा महिन्यांच्या कंत्राटाला तो लागत नाही. मुदतवाढ खंड न पडता मिळाली आणि वर्ष भरले, तरच त्याचा उपयोग.

राहिले ‘सी-टू-एच’, म्हणजे आधी कंत्राट, मग कायम. या तीन अक्षरांनी कोणावरही बंधन येत नाही. कंत्राटी कामगार आपोआप कायम होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2001 साली स्टील अथॉरिटीच्या खटल्यात स्पष्ट केलेले आहे. म्हणून विचारायचे ते हे की, कायम पद आज मंजूर आहे का, निर्णय कोण आणि कितव्या महिन्यात घेणार, गेल्या वर्षी त्याच विभागातील किती कंत्राटी माणसे कायम झाली. कायम होताना पगार पुष्कळदा खाली येतो आणि सेवा नव्याने मोजली जाते. मध्यस्थाच्या नियुक्तीपत्रात ‘वर्षभर मूळ कंपनीत थेट नोकरी धरणार नाही’ असे कलम असेल, तर एका हाताने दिलेले आश्वासन दुसऱ्या हाताने काढून घेतलेले असते. नोकरी सुटल्यानंतरची अशी बंदी करार कायद्याच्या 27व्या कलमापुढे सहसा टिकत नाही. परंतु मूळ कंपनी आणि मध्यस्थ यांच्यात वेगळा करार असतो, आणि त्याचे शुल्क भरायला मूळ कंपनी तयार नसेल तर उमेदवाराचा कायदा त्याच्यापाशीच राहतो.

या घराची आणखी एक अडचण होती. मुलीच्या नावाने पुण्यात घराचे कर्ज मंजूर झाले होते. पहिला हप्ता अद्याप बिल्डरला गेला नव्हता. नोकरी बदलल्यास कळवावे, अशी अट मंजुरीपत्रात असते, आणि रक्कम सोडण्यापूर्वी बँक ताजी पगारपावती मागू शकते. पाच महिन्यांच्या कंत्राटाची पावती पाहून बँक प्रकरण पुन्हा तपासायला घेणार, हे उघड होते.

त्या रात्री बापलेकींनी मिळून उत्तर लिहिले : ‘संदेशाबद्दल आभार. कृपया लेखी कळवावे. नियुक्तीपत्र कोणत्या कंपनीचे? मुदत रुजू झाल्यापासून सहा महिने की 31 मार्चपर्यंत? मुदतवाढ किती दिवस आधी कळेल? वेतन मासिक की दैनिक, आणि सुट्टीचे पैसे मिळतात का? मालकाचा निधीचा हिस्सा रकमेच्या आत की बाहेर? कायम पद मंजूर आहे का आणि त्याचा पगार किती? माझी सूचना-मुदत 60 दिवसांची आहे.’

दोन दिवसांनी उत्तर आले. नियुक्तीपत्र मध्यस्थाचे, मुदत 31 मार्च, वेतन दैनिक, निधीचा हिस्सा आत. कायम करण्याबाबत ‘कामगिरी व कंपनीची गरज पाहून’ एवढेच. तिने नम्रपणे नकार कळवला. ऑक्टोबरमध्ये कर्जाचा पहिला हप्ता सुटला.

फेब्रुवारीत त्याच गृहस्थाचा पुन्हा संदेश आला. या वेळी ‘रुजू झाल्यापासून 12 महिने, मासिक वेतन 92,000, सुट्ट्या भरपगारी’ असे त्यानेच आरंभी लिहिले होते. कायम पदाविषयी मात्र अवाक्षर नव्हते. मुलीने जुने उत्तर उघडले, मिळालेल्या खुलाशांच्या ओळी खोडल्या आणि उरलेले प्रश्न तसेच पाठवून दिले.